दुसरी ओळ वाचल्याशिवाय पहिली पाठवू नका

या भागाचं लिखित रूप नेहमीप्रमाणे थोडं साफसूफ करून टाकतोय. बोलताना मी जिथे अडखळलो ते काढलंय, पण जिथे स्वतःची फजिती सांगितली ते तसंच ठेवलंय, कारण ते काढलं तर भागात काही उरत नाही.

विषय असा की जुन्या गझलेतली किंवा सिनेमाच्या गाण्यातली ओळ उचलायची, थोडी आपल्या काळाची करायची आणि चॅटवर पाठवायची. म्हणजे फ्लर्टिंगसाठी, उगाच आडवळण कशाला. हे आपण सगळेच करतो. कुणी स्टेटसला लावतं, कुणी थेट पाठवतं. मीही केलं होतं, आणि ते कसं अंगाशी आलं तिथूनच सुरुवात करतो.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मित्राच्या लग्नात एका मुलीशी ओळख झाली. ती नागपूरची, मी पुण्यात. मग गप्पा सुरू झाल्या, आधी लग्नाचे फोटो, मग जेवण, मग गाणी. एका शुक्रवारी रात्री मी तिला एक ओळ पाठवली. एका जुन्या मराठी गझलेची पहिली ओळ होती, त्यातला एक शब्द बदलून मी आजचा केला होता. कुठली गझल ते सांगत नाही, माझ्यामुळे ती बदनाम व्हायला नको. दोन मिनिटांत तिचं उत्तर आलं, "वा! तू लिहिलंस?"

आता इथे खरं बोलायला फार काही लागत नाही. पण मी लिहिलं, "हो, असंच सुचलं."

दहा मिनिटांनी तिच्याकडून व्हॉइस नोट आली. चाळीस सेकंदांची. लावली तर एक पुरुषी आवाज, मागे कुकरची शिट्टी, आणि तो माणूस माझीच ओळ गातोय, मूळ शब्दांत, आणि त्यापुढची दुसरी ओळसुद्धा. तिचे बाबा. त्यांच्याकडे या सगळ्या कॅसेट होत्या. आणि त्या दुसऱ्या ओळीत काय होतं? प्रेयसी दुसऱ्या कुणाकडे गेली असल्याचा संशय. खाली तिचा मेसेज, "म्हणजे तुला नक्की काय म्हणायचंय?"

(इथे मी रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ हसलोय. ते हसू आत्ताचं. तेव्हा घाम फुटला होता.)

यात माझ्या दोन चुका होत्या आणि त्या वेगवेगळ्या आहेत. एक, ओळ स्वतःची म्हणून सांगितली. दोन, ओळ अर्धीच माहीत होती. आज दुसरीपासून सुरुवात करू, कारण ती जास्त लोक करतात.

एक ओळ म्हणजे अर्धा शेर

गझल हा शेरांचा बनलेला प्रकार आहे. शेर म्हणजे दोन ओळी. प्रत्येक ओळीला मिसरा म्हणतात. आणि गझलेची खासियत ही की प्रत्येक शेर अर्थाच्या दृष्टीने स्वतंत्र असू शकतो. पहिल्या शेरात प्रेम, दुसऱ्यात समाजावर राग, तिसऱ्यात मृत्यू, असं एकाच गझलेत चालतं. त्यांना बांधून ठेवतं ते वृत्त, काफिया आणि रदीफ. रदीफ म्हणजे ओळीच्या शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द, आणि काफिया म्हणजे त्याच्या आधी येणारं यमक. पहिल्या शेरात, म्हणजे मतल्यात, ते दोन्ही ओळींत येतात. पुढच्या शेरांत फक्त दुसऱ्या ओळीत. सुरेश भटांनी नव्याने लिहिणाऱ्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली, तीत हे सगळं फार सोपं करून सांगितलंय.

आपल्या कामाचा मुद्दा असा. शेर स्वतंत्र असतो, पण ओळ स्वतंत्र नसते. पहिली ओळ गोष्ट मांडते, ताण तयार करते. दुसरी ओळ तो ताण सोडवते किंवा उलटा फिरवते. मुशायऱ्यात शायर पहिली ओळ दोन-तीन वेळा का म्हणतो? लोकांनी दुसरीची वाट बघावी म्हणून. म्हणजे तुम्ही फक्त पहिली ओळ उचलता तेव्हा प्रश्न उचलता आणि उत्तर तिथेच सोडून येता. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन कॉपी केलं, डिपेंडन्सी मागेच राहिली. समोरच्याला पूर्ण शेर माहीत असेल तर त्याच्या डोक्यात ते उत्तर आपोआप वाजतं. तुम्ही न पाठवलेली ओळसुद्धा त्याला मिळते.

सिनेमातल्या गीताचं थोडं वेगळं असतं. तिथे मुखडा आणि अंतरे एकाच भावनेचे असतात आणि शिवाय त्यांना एक पात्र असतं, प्रसंग असतो. 1982 च्या 'उंबरठा'मध्ये सुरेश भटांची जी गझल लताबाई गातात, हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतात, ती ऐकली की पहिल्यांदा प्रेमगीतच वाटते. पण तो सिनेमा आहे घर सोडून महिला सुधारगृहात कामाला गेलेल्या सुलभाचा, म्हणजे स्मिता पाटीलचा. त्या गझलेतलं प्रेम एकटेपणातून येतं. ती ओळ रात्री अकराला 'काय करतेयस?' याच्या जागी पाठवली, तर सिनेमा पाहिलेल्या मुलीला ती वेगळीच ऐकू येणार.

म्हणून पहिलं काम म्हणजे पूर्ण शेर शोधा, गीत असेल तर सगळे अंतरे वाचा. उर्दूसाठी rekhta.org आहे, तिथे शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दिसतो. मराठी गाण्यांसाठी 'आठवणीतली गाणी' ही साइट आहे, तिथे शब्दांसोबत गीतकार, संगीतकार, गायक सगळं मिळतं. एक लक्षात ठेवा, गायक बहुतेक वेळा पूर्ण गझल गात नाहीत, लांबलचक गझलेतले चार-पाच शेर निवडतात. त्यामुळे 'मी गाणं शंभर वेळा ऐकलंय' याचा अर्थ 'मला गझल माहीत आहे' असा होत नाही.

गझल नेमकी कुणाशी बोलते?

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही. गझलेत 'तू' असतो, सतत असतो. पण गझल त्या 'तू'ला ऐकवली जात नाही. ती मैफिलीला ऐकवली जाते. प्रेयसी क्रूर आहे, बघत नाही, उत्तर देत नाही, आणि प्रेमी मरायला टेकलाय, ही सगळी ठरलेली भाषा आहे. ऐकणारे लोक 'वाहवा' म्हणतात, कारण त्यांच्यावर कुणी आरोप करत नाहीये. पारंपरिक उर्दू गझलेत तर त्या 'तू'चं व्याकरणातलं लिंगसुद्धा बहुतेकदा पुल्लिंगी असतं, म्हणजे ती एक विशिष्ट बाई आहे असं धरायलाच नको.

आता हीच ओळ तुम्ही चॅटवर पाठवता तेव्हा मैफल गायब होते. समोर एक खरी व्यक्ती असते, आणि 'तू'चा अर्थ तीच. मैफिलीत जी गोड तक्रार होती, ती चॅटमध्ये सरळ आरोप होते. "तू किती निष्ठुर" हे शंभर लोकांत म्हटलं तर शेर, आणि दुपारी मीटिंगमध्ये असलेल्या मुलीला पाठवलं तर "बाई गं, मी काय केलं आता?"

याचंच पुढचं टोक म्हणजे नकार. जुन्या गझलांत आणि सिनेमाच्या गाण्यांत प्रेयसीचा नकार ही एक अदा असते. ती 'नाही' म्हणते आणि नायक आणखी एक अंतरा गातो. ही गोष्ट आजच्या चॅटमध्ये कुठल्याही शब्दबदलाने बसत नाही. समोरून उत्तर येत नसेल तर दुसरी ओळ पाठवायची नाही, तिसरी तर नाहीच. ज्या ओळीचा सगळा जीव पाठलागात आहे, ती ओळ सोडून द्या. ती दुरुस्त करण्याजोगी नाही.

एक ओळ घेऊन करून बघू

आता प्रत्यक्ष. खऱ्या गझलेची ओळ मी इथे वापरत नाहीये, म्हणून उदाहरणासाठी जुन्या वळणाचा एक शेर मीच जुळवलाय. ही काही थोर कविता नव्हे, पण अडचण दाखवायला पुरेशी आहे.

तुझे पत्र नाही, दिवा जागताहे
कुणाच्या उशाशी तुझा चंद्र आहे

पहिली ओळ एकटी वाचा. किती गोड! पत्राची वाट बघतोय, दिवा जळतोय. कुणालाही पाठवावीशी वाटेल. आणि मग दुसरी ओळ येते, तू आत्ता कुणाच्या उशाशी आहेस? माझी नागपूरची फजिती याच जातीची होती.

म्हणून दुसरी ओळ बदलायचीच. पण आधी पहिली. पत्र आता कुणी लिहीत नाही, दिवाही आपण असा लावत नाही. सगळ्यात सोपा मोह म्हणजे वस्तूच्या जागी वस्तू ठेवायची. पत्राऐवजी मेसेज. करून बघा:

तुझा मेसेज नाही...

म्हणून बघा मोठ्याने. जीभ अडते ना? का अडते ते सांगतो. मूळ ओळ भुजंगप्रयात वृत्तात आहे. म्हणजे एक लघु, दोन गुरू, हा तुकडा चार वेळा. ल-गा-गा, ल-गा-गा, ल-गा-गा, ल-गा-गा. तु-झे-प, त्र-ना-ही, दि-वा-जा, ग-ता-हे. 'पत्र'मधला 'प' ऱ्हस्व दिसतो, पण पुढे जोडाक्षर आहे म्हणून तो गुरू धरतात. 'मेसेज'मध्ये दोन गुरू लागोपाठ येतात, त्यामुळे दुसऱ्या तुकड्याला सुरुवातीचा लघु मिळतच नाही.

हे मोजायला बोटं लागत नाहीत. भुजंगप्रयात तुम्हाला तोंडपाठ आहे, कारण रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. शाळेत ज्या चालीत म्हटले, त्याच चालीत तुमची ओळ म्हणून बघा. बसली तर बसली. हो, फ्लर्टिंगची ओळ मनाच्या श्लोकांच्या चालीवर तपासायची. आजीने विचारलं तर पाठांतर चाललंय म्हणून सांगा. उर्दूतही हेच वजन आहे, तिथे त्याला मुतकारिब म्हणतात, त्यामुळे हिंदी-उर्दूच्या अनेक ओळी याच चालीत बसतात.

"चॅटवर कोण वृत्त बघतं?" असं माझा रूममेट म्हणाला. बघत कुणी नाही, पण ऐकतात सगळे. माहितीतल्या गाण्याची बदललेली ओळ माणूस मनात त्या गाण्याच्या चालीतच वाचतो. ती चालीत बसली तरच ओळख पटते, आणि ओळख पटली तरच बदललेल्या शब्दाची गंमत येते. चाल मोडली की उरतं ते फक्त एक विचित्र वाक्य.

तर 'मेसेज' गेला. 'तुझा फोन नाही' बसतं, तु-झा-फो, न-ना-ही. पण फोन ही वेगळी गोष्ट आहे, आजकाल न सांगता फोन आला तर लोक घाबरतात. मग मी वस्तू सोडून काम बघितलं. दिव्याचं त्या ओळीत काम काय? वाट बघणं चालू आहे याचा पुरावा. चॅटमध्ये वाट बघण्याचा पुरावा काय असतो? निळी टिक. तिथून हे आलं:

तुझा शब्द नाही, निळी टीक आहे

तु-झा-श, ब्द-ना-ही, नि-ळी-टी, क-आ-हे. बसलं. बोलताना आपण 'टिक' म्हणतो, इथे ती ओढून 'टीक' केलीये, तेवढी सूट घेतली.

पण थांबा, इथे अर्थात एक बदल झालाय, आणि तो मला दोन दिवसांनी लक्षात आला. जुन्या ओळीत पत्र आलेलं नाही. का आलं नाही ते माहीत नाही. पोचलंच नसेल, पोस्टमन आजारी असेल, ती आजारी असेल. त्या 'माहीत नाही'मध्ये सगळी हळवी जागा आहे. नव्या ओळीत मात्र माहीत आहे. तिने वाचलंय आणि उत्तर दिलेलं नाही. म्हणजे काळ बदलताना ओळ आपोआप जास्त टोकदार झाली. तक्रार वाढली. त्यामुळे आता दुसरी ओळ मूळ शेरापेक्षा जास्त मऊ हवी, कमी नाही.

शेवट 'टीक आहे' झालाय, म्हणजे रदीफ 'आहे' आणि काफिया 'टीक'. जुळणारा शब्द शोधायचा तर पहिला हाताशी येतो 'ठीक'. माझा पहिला प्रयत्न:

तुझा शब्द नाही, निळी टीक आहे
मला चालते हे, तसे ठीक आहे

वृत्त चोख, यमक चोख. मी खूश. एका मैत्रिणीला दाखवलं, तिने वाचलं आणि म्हणाली, "हा रुसलाय." खरंच आहे की! मराठीत 'ठीक आहे' हे लिहून आलं की ते कधीच ठीक नसतं. 'मला चालते हे' म्हणजे मला चालत नाही. बोलताना आवाजात हसू असतं, लिहिताना ते जातं, आणि मागे उरतो टोमणा. यमक जुळलं म्हणून ओळ चांगली, हा भ्रम इथे फुटतो.

मग मैत्रिणीनेच विचारलं, "तुला तिच्याकडून हवंय काय?" सोपा प्रश्न, पण मी तो विचारलाच नव्हता. हवं होतं भेटणं. आणि 'भेट' म्हणून मागणं जड वाटेल. मग:

तुझा शब्द नाही, निळी टीक आहे
चहा पाज साधा, तरी ठीक आहे

च-हा-पा, ज-सा-धा, त-री-ठी, क-आ-हे. आता बघा काय झालं. पहिल्या ओळीत गुन्हा नोंदवला, दुसऱ्या ओळीत शिक्षा सुनावली, आणि शिक्षा आहे दहा-पंधरा रुपयांचा चहा. गुन्हा आणि शिक्षा यांचं प्रमाण जुळत नाही, म्हणूनच कळतं की हा माणूस रागावलेला नाही. 'साधा' हा शब्द काम करतोय, मागणी लहान ठेवतोय. 'ठीक आहे' तेच, पण 'तसे'च्या जागी 'तरी' आल्यावर रुसवा जाऊन सौदा आला. आणि समोरच्याला उत्तर द्यायला दार आहे. "साधा नाही, आल्याचा" असं ती म्हणू शकते. "या आठवड्यात जमणार नाही" असंही म्हणू शकते, कुणाचाच अपमान न होता. मूळ शेरातल्या चंद्राला यातलं काहीच म्हणता येत नव्हतं.

एक छोटी सोय सांगतो. मुलाला पाठवायचं की मुलीला, यामुळे मराठीत वृत्त सहसा मोडत नाही. आला-आली, गेला-गेली, जातोस-जातेस, सगळीकडे बदलणारा स्वर दीर्घच राहतो. फक्त तो स्वर काफियात असेल तर सांभाळा, तिथे यमक तुटेल.

उसनं घेणं ही चोरी कधी होते?

आता माझी दुसरी चूक. "तू लिहिलंस?" "हो."

गंमत म्हणजे ओळ उसनी घ्यायला गझलेच्या परंपरेत पूर्ण मुभा आहे. तरही मुशायरा नावाचा प्रकार असतो. आयोजक एक ओळ देतात, बहुधा जुन्या शायराची. मग सगळ्यांनी त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफमध्ये गझल लिहून आणायची. याला त्याच जमिनीत लिहिणं म्हणतात. आणि त्या दिलेल्या ओळीला आपली स्वतःची एक ओळ जोडून शेर पुरा करायचा, त्याला म्हणतात गिरह लावणं. गिरह म्हणजे गाठ. दोन माणसांच्या ओळी, मधे कदाचित शंभर वर्षं, आणि गाठ अशी बसावी की ओळी एकत्रच जन्मल्यासारख्या वाटाव्यात.

चॅटवर आपण जे करतोय ते गिरहच आहे. फरक एकच. तरहीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की ही ओळ कुणाची. दाद मिळते ती गाठीला. छापताना उसनी ओळ अवतरणचिन्हात टाकतात. म्हणजे उसनवारी उघड आहे, आणि मजा त्या उघडपणातच आहे. मूळ ओळ लपवली की गाठ दिसतच नाही, मग दाद कशाला मिळणार? ती मिळते खोट्या कवीला. आणि ती टिकते कुणाचे तरी बाबा व्हॉइस नोट पाठवेपर्यंत.

म्हणून मी आता सरळ सांगतो. "अमक्याची ओळ, मी बिघडवलीये." हे लिहिल्याने जादू कमी होत नाही, उलट बोलायला विषय मिळतो. समोरून "कुठलं गाणं हे?" आलं तर समजा बरं चाललंय. "मूळ माहितीये मला" आलं तर फारच उत्तम. फक्त अंगठा आला तर ओळ पोचली नाही, विषय बदला. आणि जर तुम्हालाच तीन वाक्यांत ओळ समजावून सांगावी लागली, तर पुढच्या वेळी साधं "चहा घेऊया का?" विचारा. ते कुठल्याही वृत्तात बसतं.

आता तुम्ही विचाराल, नागपूरचं पुढे काय झालं. अकरा दिवस काहीच नाही. मग मी लिहिलं, "ती ओळ माझी नव्हती. खोटं बोललो. आणि दुसरी ओळ मला माहीतच नव्हती." शेर नाही, गाणं नाही, साधं वाक्य.

तिचं उत्तर आलं, "पहिलं माहीत होतं. दुसरं ऐकून बरं वाटलं."

तिच्या लेखी खोटेपणापेक्षा तो संशय जास्त लागला होता. तिला वाटलं होतं मी पूर्ण शेर समजून उमजून पाठवलाय, आडून काहीतरी विचारतोय. मी मात्र अकरा दिवस चोरी पकडली गेली म्हणून लाजत होतो. तिला काय ऐकू गेलं असेल, याचा विचार मी तोवर केलाच नव्हता.

पुढे प्रेमबीम काही झालं नाही. पण ओळींची देवाणघेवाण अजून चालते. निळ्या टिकेचा तो शेर मी तिलाही पाठवला, खाली लिहून की दोन्ही ओळी माझ्याच आहेत, बाबांना विचारून खात्री करून घे. तासाभराने तिचं उत्तर आलं, "बाबा म्हणतात वृत्त बरोबर आहे. चहा मात्र त्यांनाही हवाय."

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही कधी अर्धी ओळ पाठवून फसला असाल तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. चाळीस सेकंदांची चालेल. मागे कुकरची शिट्टी असेल तर उत्तम. भेटू पुढच्या भागात.